बंद फ्लॅटची बाथरूम कोरडीच असणार

विजापूर रोडला आम्ही पाहिलेला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, साधारण वीस वर्षांचा, चार महिने कुलूपबंद. बाथरूम ठणठणीत कोरडी. एजंट म्हणाला, "बघा की साहेब, कुठं डाग आहे का?" वापरच नाही तर ओल कुठून दिसणार, हे मला सुचलंच नाही. बायको मात्र शेजारच्या बेडरूममध्ये जाऊन उभी राहिली. बाथरूमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंतच नवा रंग होता. नखानं खरवडल्यावर पोपडा निघाला, खाली पांढरी भुकटी. ओल गिलाव्यातून बाहेर येऊन वाळते तेव्हा हे क्षार मागे राहतात.

मग ओळखीच्या प्लंबरकाकांना घेऊन दुसऱ्यांदा गेलो. त्यांनी दारापाशी तांब्याभर पाणी ओतलं. ते नहाणीच्या जाळीकडे निघालं खरं, पण कमोडमागच्या कोपऱ्यात तळहाताएवढं थारोळं तसंच राहिलं. म्हणजे तिथं उतार उलटा, आणि आंघोळीचं पाणी रोज तिथंच मुरणार.

नळ सोडताना त्यांनी आधी गच्चीवरची टाकी भरली आहे ना, ते पाहिलं. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, अर्ध्या टाकीवर जोर तपासण्यात अर्थ नाही. पंधरा लिटरची बादली स्वयंपाकघरात दीड मिनिटात भरली, बाथरूममध्ये चार मिनिटांवर लागली. टाकी एकच, मजला एकच, तेव्हा दोष पाइपचा. नळ काढला तर पहिलं पाणी गंजाचं लाल. आतला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप बोअरच्या क्षारानं एवढा भरला होता की पेन्सिल जेमतेम शिरली असती.

खरी परीक्षा शेवटी. नहाणीच्या जाळीखालच्या भोकात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला ओला बोळा घट्ट कोंबला, सगळे नळ बंद करून जमिनीवर दीड इंच पाणी साठवलं आणि टाइलवर पेन्सिलनं पातळी आखली. मालक कुरकुरले, पण चोवीस तास थांबले. दुसऱ्या दिवशी पाणी रेषेखाली बोटभर उतरलं होतं. वाळून एवढं कमी होत नाही. बोळ्यातून गेलं असेल म्हणून खात्रीसाठी खालच्या मजल्यावरच्या काकूंचं दार वाजवलं. त्यांच्या बाथरूमच्या छतावर, आमच्या कमोडचा पाइप उतरतो तिथं, ताजा काळपट डाग. "आता चार महिने बरं होतं बाई," त्या बायकोला म्हणाल्या. एजंट जिन्यातच थांबला होता.

प्लंबरकाकांचा हिशेब सरळ होता: टाइल्स उखडायच्या, खालचा भराव काढायचा, वॉटरप्रूफिंग पुन्हा, उतार नव्यानं, जीआयच्या जागी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप. नुसते टाइलचे सांधे भरून भागणार नव्हतं. तो खर्च आम्ही किमतीतून वजा करून मागितला. मालकांनी निम्माच कबूल केला आणि बाकी आम्ही घातला, कारण फ्लॅट पूर्वेकडचा होता आणि आईला तोच हवा होता. फोडल्यावर भरावातल्या विटा ओल्याच निघाल्या.