क्लिक दुप्पट, तरी ग्राहक महाग

तुम्ही विचारलंत: "जाहिरातीचा क्लिक रेट दुप्पट केला, क्लिकही निम्म्या किमतीत पडायला लागली. तरी एक ग्राहक मिळवायचा खर्च वाढलाच. हे होतं तरी कसं?"

हे माझ्या हातून घडलेलं आहे, म्हणून तोच हिशेब मांडतो. एका सशुल्क ऑनलाइन कोर्सची जाहिरात मी बघत होतो. छोट्या व्यवसायाचे हिशेब कसे ठेवावेत हे त्यात शिकवलं जायचं. जागा विकत घेतली होती ती सीपीएमवर, म्हणजे जाहिरात हजार वेळा दिसली की ठरावीक पैसे. क्लिक झाली काय आणि नाही काय, पैसे तेवढेच. आकडे सोयीसाठी गोल केलेत आणि चलन कुठलंही धरा, गणितात फरक पडत नाही.

हजार वेळा दिसायचे २००. जाहिरात १ लाख वेळा दिसली, खर्च २०,०००. क्लिक रेट १ टक्का, म्हणजे १,००० क्लिक आणि एक क्लिक २० ला. क्लिक करून कोर्सच्या पानावर आलेल्यांपैकी ४ टक्के लोकांनी कोर्स घेतला, म्हणजे ४० ग्राहक. एका ग्राहकाचा खर्च, ज्याला आम्ही दिवसभर सीपीए म्हणतो, तो झाला ५००.

मग मी जाहिरात बदलली. आधीची ओळ होती "छोट्या व्यवसायाचे हिशेब स्वतः ठेवायला शिका, ६ आठवड्यांचा कोर्स". नवी लिहिली "हिशेब शिका, पहिला धडा मोफत". क्लिक रेट २ टक्क्यांवर गेला. त्याच २०,००० मध्ये २,००० क्लिक आल्या, एक क्लिक १० ला पडली. पहिले काही दिवस आम्ही खुशीत होतो. पण कन्व्हर्जन रेट, म्हणजे पानावर आलेल्यांपैकी कोर्स घेणाऱ्यांचं प्रमाण, ४ वरून दीड टक्क्यावर आला. २,००० चे दीड टक्का म्हणजे ३० ग्राहक, आणि सीपीए ६६७.

सूत्र असं आहे:

```
CPA = CPM / (1000 × CTR × CVR)
```

CPM म्हणजे हजार वेळा दिसायचे पैसे, CTR म्हणजे क्लिक रेट आणि CVR म्हणजे कन्व्हर्जन रेट. खाली CTR आणि CVR यांचा गुणाकार आहे, आणि सीपीएमवर जागा घेतली असेल तर सगळं त्या गुणाकारावर चालतं. जुन्या जाहिरातीत तो दहा हजारांत ४ होता, नव्या जाहिरातीत दहा हजारांत ३. क्लिक स्वस्त झाली ही गोष्ट खरीच होती, पण ती गुणाकाराची एक बाजू होती.

इथवरचं उत्तर बहुतेकांना माहीत असतं. "क्लिक वाढल्या की फुकटे येतात, म्हणून कन्व्हर्जन पडतो" असं म्हणून विषय संपवला जातो. मला ते पटत नाही, कारण हा खुलासा गणितात बसत नाही. नुसती भेसळ झाली असती, म्हणजे जुनी १,००० माणसं तशीच येत राहिली असती आणि वर १,००० नुसते बघे आले असते, तर जुन्यांमधले ४० ग्राहक कुठे गेले नसते. २,००० मध्ये ४० म्हणजे २ टक्के, आणि खर्च तोच असल्यामुळे सीपीए पुन्हा ५००. सीपीएमवर बघ्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या येण्याने ग्राहक महाग होत नाही. क्लिक रेट दुप्पट झाला की कन्व्हर्जन रेट अर्धा होईपर्यंत तुमचं काहीच बिघडत नाही. तो अर्ध्याच्याही खाली गेला, तर समजायचं की नवे बघे आलेच, शिवाय जुने ग्राहकही सुटले.

ही कसोटी मला फार मोलाची वाटते, कारण नंतर कुठे शोधायचं ते तीच सांगते. आमचे १० ग्राहक सुटले होते. कुठे सुटले ते शोधायचं होतं. (४० आणि ३० मधला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. एवढ्या लहान आकड्यांत पाच-सात ग्राहक इकडे-तिकडे सहज होतात. मी दहापट आकडे जमेपर्यंत थांबलो होतो. ४०० विरुद्ध ३०० हा फरक मात्र योगायोगाचा म्हणता येत नाही.)

दोन जागा सापडल्या. पहिली पानावरच होती. जाहिरात म्हणत होती पहिला धडा मोफत, आणि लँडिंग पेज उघडलं की सगळ्यात वर दिसत होती फी. मोफत धड्याची लिंक पानाच्या तळाशी, तीन वेळा बोट सरकवल्यावर. पानावरच्या चौकटीत लोक प्रश्न विचारायचे, ते मी एका बैठकीत वाचून काढले. त्यात "मोफत धडा कुठे आहे?" हाच प्रश्न पुन्हा पुन्हा होता. कोर्स घ्यायच्या तयारीने आलेला माणूससुद्धा आधी धडा बघू म्हणून थांबत होता आणि धडा न सापडल्यामुळे निघून जात होता. आधीच्या जाहिरातीने त्याला थांबायला सांगितलंच नव्हतं.

दुसरी जागा मला उशिरा दिसली. जाहिरात कुठे कुठे दिसली याचा अहवाल काढला, तेव्हा बरीचशी दृश्यं मोबाईलवरच्या गेमच्या अ‍ॅपमध्ये सरकलेली होती. मोहिमेची सेटिंग "जास्तीत जास्त क्लिक" अशी होती. प्रणालीला जे सांगितलं तेच ती इमानाने करत होती: जिथे क्लिक होतात तिथे जाहिरात नेत होती. गेममध्ये बोट चुकून लागतं, तीही क्लिकच मोजली जाते. म्हणजे १ लाख दृश्यं ही तीच १ लाख राहिली नव्हती, जाहिरात बघणारी माणसंच बदलली होती. क्लिक रेट वाढला तो काही अंशी शब्दांमुळे आणि काही अंशी जागा बदलल्यामुळे, आणि डॅशबोर्डवर दोन्ही एकाच आकड्यात मिसळले होते. क्लिक रेट अचानक चढला तर जागांचा अहवाल आधी बघा, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. पानावर दोन-तीन सेकंदांत परत फिरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं असेल, तर ते बहुधा हेच असतं.

हे झालं सीपीएमचं. पैसे क्लिकवर मोजत असाल, तर तीच भेसळ महागात पडते. क्लिक २० ला ठरलेली असेल आणि कन्व्हर्जन ४ वरून २ टक्क्यांवर आला, तर सीपीए सरळ ५०० वरून १,०००. इथे प्रत्येक बघ्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं. म्हणून क्लिकवर पैसे देताना जाहिरातीतच चाळणी लावणं परवडतं. समजा, जाहिरातीतच फी लिहिली. क्लिक रेट १ वरून ०.७ टक्क्यावर उतरला आणि कन्व्हर्जन ४ वरून ६ वर चढला. १ लाख दृश्यांवर ७०० क्लिक, १४,००० खर्च, ४२ ग्राहक. सीपीए ३३३. सीपीएमवर हाच बदल केला असता तर २०,००० मध्ये ४२ ग्राहक, सीपीए ४७६. बदल तोच, फायदा कितीतरी कमी.

पण हे ३३३ कायमचे धरून चालू नका. सर्च जाहिरातींची जागा लिलावात ठरते, आणि त्यात फक्त बोली बघत नाहीत. गूगलने २००२ पासून बोलीबरोबर क्लिक रेटही जागा ठरवताना धरायला सुरुवात केली, आणि आजही तिथल्या क्वालिटी स्कोअरमध्ये, म्हणजे जाहिरातीच्या दर्जाला मिळणाऱ्या गुणांत, अपेक्षित क्लिक रेट हा एक घटक आहे. कारण साधं आहे: जागा विकणाऱ्याला दर दृश्यामागे किती मिळतं ते महत्त्वाचं. तुमच्या जाहिरातीवर कमी लोक क्लिक करत असतील, तर तीच जागा टिकवायला तुम्हाला दर क्लिकमागे जास्त मोजावे लागतात. वरच्या उदाहरणात क्लिक २० वरून साधारण साडेअठ्ठावीसवर गेली, तर सीपीए परत ४७६ होतो, म्हणजे सीपीएमवर होता तेवढाच. नावाला क्लिकवर पैसे दिले तरी लिलाव तुम्हाला हळूहळू त्या गुणाकाराकडेच ओढतो. चाळणीचा फायदा पहिल्या आठवड्यात दिसतो त्यापेक्षा पुढे कमी होतो, तो यामुळे.

मग कुठे हात घालावा, तर मी आधी पानाला हात घालतो. जाहिरातीतला बदल पुढे पानापर्यंत पोचतो, कारण कोण येणार ते तीच ठरवते. पानातला बदल मात्र मागे जाऊन क्लिक रेट बिघडवत नाही, माणूस क्लिक करून आलेला असतो. आम्ही जुनी जाहिरात परत लावली, मोफत धडा पानावर सगळ्यात वर आणला आणि सेटिंग क्लिकवरून खरेदीवर नेली. क्लिक रेट १ टक्क्याच्या आसपासच राहिला, कन्व्हर्जन ५ टक्क्यांवर गेला, ५० ग्राहक, सीपीए ४००.

आणि लगेच पुढची चूक व्हायची वेळ आली. ४०० ला ग्राहक मिळतोय, तर बजेट वाढवा असं ठरलं. २०,००० चे ३०,००० केले, ग्राहक ५० चे ६५ झाले. सरासरी सीपीए साधारण ४६०, बरा वाटणारा आकडा. पण वरचे १०,००० फक्त १५ ग्राहकांसाठी गेले होते, म्हणजे त्यांतला प्रत्येकजण ६६७ ला पडला. ज्यांना कोर्स हवाच होता ते पहिल्या २०,००० मध्ये येऊन गेले होते, आता जाहिरात कमी गरज असलेल्यांपर्यंत पोचत होती. त्यांचा क्लिक रेटही कमी आणि कन्व्हर्जनही कमी, पण जुन्या चांगल्या आकड्यांच्या सरासरीत ते लपले होते. एका ग्राहकामागे ६०० पेक्षा जास्त खर्च त्या कोर्सला परवडत नव्हता. मी बजेट २४,००० वर आणून थांबवलं, आणि तेव्हापासून सीपीएच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवतो: शेवटच्या वाढीव खर्चातून किती ग्राहक आले.