चार नंबर, एक बिल: फॅमिली पोस्टपेडचा माझा अनुभव

घरातले चार नंबर एका पोस्टपेड प्लॅनवर आणताना सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते मुख्य नंबर कोणाचा. बिल त्याच नंबरवर येतं, नंबर जोडणं-काढणं त्याच्याच ओटीपीवर होतं आणि पैसे थकले तर तगादाही त्यालाच. परदेशी जायच्या तयारीत असलेल्या किंवा कंपनी बदलायचा विचार करणाऱ्या माणसाचा नंबर मुख्य ठेवू नये. तो नंबर बाहेर पडला की जोडलेल्या नंबरांची घडी विस्कटते आणि सगळी जोडणी पुन्हा करावी लागते. आम्ही माझा नंबर मुख्य ठेवला. आई, बायको आणि मुलगा अ‍ॅड-ऑन.

अ‍ॅड-ऑनसाठी नवीन सिम घेण्यापेक्षा चालू नंबर जोडणं चांगलं. प्रीपेड नंबर आधी पोस्टपेड करावा लागतो आणि उरलेल्या रिचार्जवर पाणी सोडावं लागतं, म्हणून रिचार्ज संपत आला की हे काम काढावं. नंबर ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर राहू द्यावा. घरातली सगळी सिम एकाच्या नावावर घेतली, तर पुढे मुलाला नंबर वेगळा करताना नावबदलाची कागदपत्रं करत बसावं लागतं. कोणाच्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. महाराष्ट्रात एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त 9 जोडण्या चालतात.

आमच्या प्लॅनचं मूळ भाडं 449 रुपये आणि डेटा 75 जीबी. प्रत्येक अ‍ॅड-ऑनला 150 रुपये आणि 5 जीबी जादा. म्हणजे भाडं 899 रुपये आणि डेटा 90 जीबी. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 161.82 धरले की बिल 1,060.82 रुपये. जाहिरातीतला आकडा जीएसटीशिवायचा असतो, हे आधीच लक्षात ठेवावं. पहिलं बिल मात्र या हिशेबाला जुळत नाही. महिन्याच्या मध्यात जोडलेल्या नंबरचं भाडं आणि डेटा, दोन्ही उरलेल्या दिवसांपुरते लागतात.

खरी कसरत डेटाची. हे 90 जीबी सगळ्यांच्या सामाईक खात्यात असतात, आणि कोणी किती घ्यायचे याला आपण घातल्याशिवाय कुंपण नसतं. संपल्यावर नेट बंद पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे पुढच्या प्रत्येक जीबीला 10 रुपये लागतात. 12 जीबी जादा झाले तर जीएसटी धरून 141.60 रुपये. आमच्या प्लॅनवर 5जी वापर मोजला जात नाही, पण 5जी नसलेल्या गावी फोन 4जीवर येतो आणि तोच व्हिडिओ सामाईक डेटा खाऊ लागतो. सुट्टीत मुलं गावी गेली की बिल फुगतं ते यामुळे. दुसरं कारण हॉटस्पॉट: लॅपटॉप जोडला की त्याचे अपडेट मागच्या मागे उतरत राहतात.

यावर उपाय प्रत्येक फोनमध्येच करायचा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये मोबाइल डेटाच्या वापरात `Data warning & limit` मिळतं. आम्ही आईला 10, मुलाला 35, बायकोला 20 आणि मला 20 जीबी अशी मर्यादा घातली, 5 जीबी शिल्लक ठेवले. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजणीची तारीख. फोन सहसा 1 तारखेपासून मोजतो. बिलाचं चक्र 14 तारखेला सुरू होत असेल तर फोनमध्येही 14 लावावी, नाहीतर फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा कधीच जुळत नाहीत. फोन 5जीचा वापरही धरतो, म्हणून मर्यादा थोडी लवकर लागते, तेवढं चालतं. आयफोनमध्ये अशी मर्यादा घालायची सोय नाही आणि तिथली मोजणी आपोआप शून्यावर येत नाही, ती दर चक्राला हातानं शून्य करावी लागते.

बिल थकलं तर चारही नंबर अडकतात. आधी बाहेर जाणारे कॉल बंद, नंतर येणारेही. आणि आईच्या बँकेचे ओटीपी याच नंबरवर येतात. म्हणून मी यूपीआय ऑटोपे लावला. त्यात कमाल रक्कम विचारतात. तिथे 1,000 टाकले असते तर 1,060.82 चं बिल कापलंच गेलं नसतं. जादा डेटाची सोय धरून 1,500 ठेवले आहेत. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, त्यातला आकडा बिलाशी ताडून बघतो. अ‍ॅड-ऑनवाल्यांना आमच्याकडे बिल दिसत नाही, म्हणून पीडीएफ घरच्या ग्रुपवर टाकतो. कोणाचा किती वापर ते त्यात नंबरवार असतं.

कोणाला बाहेर पडायचं असेल तर त्यानं स्वतःच्या नंबरवरून `PORT`, मग एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर, असा मेसेज 1900 वर पाठवायचा. त्याआधी मुख्य नंबरनं निघालेलं बिल भरलेलं हवं, नाहीतर पोर्टिंगचा कोड मिळत नाही. महाराष्ट्रात तो कोड 4 दिवस चालतो, म्हणून नव्या कंपनीच्या दुकानात जायचा दिवस ठरल्यावरच मेसेज करावा.