इसबगोल, सोनामुखी आणि ८१ वर्षांच्या आजी

म्हाताऱ्या माणसाला चार-पाच दिवस पातळ होतंय असा फोन आला की मी पिशवीत आधी हातमोजे आणि लिग्नोकेन जेली टाकते. सलाईन, गोळ्या वगैरे नंतर. त्यातही "डॉक्टर, जुलाब थांबायची गोळी दिलीय, तरी थोडं थोडं गळतंच आहे" हे वाक्य ऐकलं की मला निम्मं निदान फोनवरच झाल्यासारखं वाटतं.

आजी ८१ वर्षांच्या. काही महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, त्यानंतर वॉकर घेऊन पलंग ते खुर्ची एवढंच चालणं. मी गेले तेव्हा त्या कुशीवर पडून होत्या आणि सुनेला स्वतःच्या आईच्या नावाने हाका मारत होत्या. आदल्या दिवसापासून बोलण्यात असा गोंधळ. डायपरला तपकिरी पाणी, वास भयंकर, पण प्रत्येक वेळी जेमतेम दोन चमचे. लघवी सकाळपासून नाही. आधी बघून गेलेल्या डॉक्टरांनी लोपेरामाईड लिहून दिलं होतं. चिठ्ठीत पोट तपासल्याची नोंद होती, गुदद्वारातून तपासल्याची नव्हती.

याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही. पीआर, म्हणजे गुदद्वारातून बोटाने तपासणी, करायला दोन मिनिटं आणि एक हातमोजा लागतो. घरी जागा नसते, नातेवाईक उभे असतात, म्हातारं माणूस लाजतं, हे सगळं खरं. पण पातळ शौच गळणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसात ही तपासणी टाळून जुलाब थांबवणारं औषध देणं म्हणजे डोळे मिटून उलट्या दिशेला गाडी हाकणं आहे.

आजींच्या डाव्या ओटीपोटात गोळा लागत होता. बोट दाबलं तर खळगा उमटून तसाच राहत होता. गाठ असती तर ती अशी दबली नसती. बेंबीखाली दुसरा फुगवटा, तो भरलेल्या मूत्राशयाचा. आत बोट घातलं तर गुदाशय घट्ट, कोरड्या मळाने गच्च भरलेला. वरचं पातळ त्या खड्याच्या कडेने झिरपत होतं, आणि तेच घरच्यांना जुलाब वाटत होतं. लोपेरामाईडने आतड्याची उरलीसुरली हालचालही थांबवली होती. गुदाशय फुगला की पुढचं मूत्राशय दबतं, लघवी अडते, आणि या वयात एवढ्यानेही माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतं.

घरी करायचं की दवाखान्यात न्यायचं, हे ठरवण्याआधी मी ताप, उलट्या, रक्त आणि पोटाचा कडकपणा पाहिला. खड्याच्या दाबाने आतड्याला जखम होऊन भोक पडू शकतं, आणि तशी शंका आली तर घरी हात लावायचा नाही. आजींचं पोट मऊ होतं.

मेडिकलमध्ये तयार मिळणारी फॉस्फेट एनिमाची बाटली मुलाने आणून ठेवली होती. ती मी वापरली नाही. आजींचं क्रिएटिनिन १.६ होतं. अशक्त मूत्रपिंडाच्या म्हाताऱ्या माणसात ते फॉस्फेट शोषलं जाऊन रक्तातलं कॅल्शियम खाली पडू शकतं. त्याऐवजी कोमट शेंगदाणा तेल रबरी नळीने आत सोडलं (शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे विचारून) आणि डावी कूस, गुडघे पोटाशी, अशा स्थितीत तासभर थांबलो. मग भरपूर जेली लावून एका बोटाने खडा फोडत, थोडा थोडा बाहेर. आजींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला होता तो नाडीसाठी. गुदाशय ताणला की काहींची नाडी एकदम मंदावते, मग हात थांबवावा लागतो. मध्ये दोनदा थांबले. आजींची सून, म्हणजे वहिनी, डोक्यापाशी बसून आजींशी गावच्या यात्रेबद्दल बोलत राहिल्या. त्या बाईंचं मला फार कौतुक वाटलं. पदर नाकाला न लावता त्या पाऊण तास बसल्या होत्या.

लघवीची नळी तयार ठेवली होती, ती लागली नाही. गुदाशय रिकामा झाल्यावर थोड्या वेळाने आजींनी भांड्यावर भरपूर लघवी केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला सुनेच्या नावाने हाक मारली. वर अडकलेलं काढायला पुढचे काही दिवस मॅक्रोगॉल ही मळ मऊ करणारी पावडर पाण्यातून दिली, खालचा रस्ता मोकळा झाल्यावरच.

मग मी औषधांचा डबा मागवला, आणि ही केस माझ्या डोक्यातून जात नाही ती त्या डब्यामुळे.

आजींनी तीसेक वर्षं रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण घेतलं होतं. ऑपरेशननंतर मुलाने ते बंद केलं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की सोनामुखीने आतडं आळशी होतं, सवय लागते. त्याजागी इसबगोल सुरू केलं, रोज दोन मोठे चमचे, कारण ते नैसर्गिक आणि निरुपद्रवी. आजी ते अर्ध्या कपात कालवून घेत. जास्त पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं आणि सुनेची झोपमोड होते, म्हणून. याच काळात खुब्याच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू, झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलीन, शिवाय लोह आणि कॅल्शियम. चारही औषधं बद्धकोष्ठ करणारी.

इसबगोलाचा भुसा पाणी धरून फुगतो, मळाचा आकार वाढतो, आणि त्या ताणाने आतडं हलतं. चालत्याफिरत्या, पाणी पिणाऱ्या माणसाला मी आजही पहिल्यांदा तेच देते. मूळव्याध, फिशरवाल्यांना तर नक्कीच. पण दर मात्रेला मोठा ग्लासभर पाणी हवं, आणि फुगलेला मळ पुढे ढकलणारं आतडं हवं. ट्रामाडॉलने आतड्याचा जोर कमी केलेला, माणूस पलंगावर, पाणी अर्धा कप. अशा ठिकाणी भुसा नुसती भर घालतो. गिळायला त्रास होणाऱ्याच्या तो घशातही अडकू शकतो. मुलाने आईच्या काळजीने जे सुरू केलं, त्यानेच खडा घट्ट केला, आणि जे वाईट म्हणून काढलं ते या अवस्थेत कामाचं होतं.

इसबगोल, लोपेरामाईड, ॲमिट्रिप्टिलीन बंद केलं. हिमोग्लोबिन बरं होतं, म्हणून लोहही बंद. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वेळेवर आणि ट्रामाडॉल फक्त फिजिओथेरपीच्या आधी. मॅक्रोगॉल संपल्यावर लॅक्ट्युलोज सुरू केलं, सकाळ-रात्र १५ मिली. दोघांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत मॅक्रोगॉल सरस ठरतं, हे मला माहीत आहे. पण ते ग्लासभर पाण्यातून घ्यावं लागतं, आणि आजींचं पाण्याशी भांडण होतं. लॅक्ट्युलोज ही न पचणारी साखर आहे. ती मोठ्या आतड्यापर्यंत जाते, तिथले जंतू तिचं आम्ल करतात, पाणी आत ओढलं जातं आणि मळ मऊ होतो. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्याच सकाळी "काही फरक नाही" म्हणून मात्रा दुप्पट करणारे नातेवाईक मी भरपूर पाहते. त्याच जंतूंमुळे वायूही होतो.

आठवड्याने आजी म्हणाल्या, "पोरी, वारा लई सरतो, पन बाहेर काय येईना." तपासलं तर गुदाशयात मळ होता, मऊ होता, पण तिथेच बसला होता. मऊ करणारं औषध काम करत होतं, ढकलणारं काही नव्हतं. पोटाचे स्नायू गेलेले, जोर करायची ताकद नाही. अशा वेळी लॅक्ट्युलोज वाढवलं तर पुन्हा गळती सुरू होते. मी ते रात्री एकदाच केलं आणि झोपताना सेन्नाची एक गोळी जोडली. सेन्ना म्हणजे सोनामुखीच, फक्त मोजून. मोठ्या आतड्यातले जंतू त्यातला क्रियाशील भाग मोकळा करतात, तो आतड्याला हालचाल करायला लावतो, आणि सहा ते बारा तासांत कळ येते. म्हणून ती रात्री द्यायची.

मुलगा अस्वस्थ झाला. "डॉक्टर, तेच परत? आतडं निकामी होईल ना?"

त्याला मी खाली बसवून सांगितलं. वर्षानुवर्षं सोनामुखी घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीत काळपट दिसतं. हे रंगद्रव्य निरुपद्रवी आहे आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतं. ठरल्या मात्रेत आतड्याच्या नसा मरतात याचा भक्कम पुरावा नाही. अमेरिकेतल्या दोन मोठ्या पोटविकार संघटनांच्या २०२३ च्या संयुक्त शिफारशींत सेन्ना आहे. पण सेन्नाची शिफारस ज्या चाचण्यांवर बेतली आहे त्या जेमतेम चार आठवड्यांच्या आहेत. खरा धोका मात्रा वाढवत नेण्यात आहे. सतत पातळ होऊन पोटॅशियम उतरतं, सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल तर जास्तच. चूर्णाच्या डब्यात चमच्यामागे किती सोनामुखी आहे हे कुणी सांगत नाही. टीव्हीवरच्या जाहिराती तर रोज सकाळी "पोट साफ" झालंच पाहिजे असं ठसवतात. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य असू शकतं.

आजींच्या कमोडपुढे लाकडी पाट ठेवला. त्यांची पावलं अधांतरी लोंबत होती, आणि तशा बसण्यात जोर येत नाही. न्याहारी व चहानंतर वीस मिनिटांनी त्यांना तिथे बसवायचं, कळ असो वा नसो, कारण खाल्ल्यावरच मोठं आतडं जागं होतं. दिवसाचं पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं, म्हणजे रात्रीची भीती उरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहिनी खूण करतात.

आता साधारण एक दिवसाआड होतं. मी सेन्ना एक दिवसाआड करून पाहिली, जमलं. पूर्ण बंद केली तेव्हा तिसऱ्या दिवशी पुन्हा पोट जड, म्हणून परत सुरू केली. आजींना पहिल्या तीस वर्षांत ते चूर्ण खरंच लागत होतं, की रोज झालंच पाहिजे या समजुतीने त्या घेत होत्या, याचं उत्तर मला सापडत नाही. त्या स्वतः सांगतात, लग्न होऊन आल्यावर सासरी संडास नव्हता, अंधार पडेपर्यंत कळ दाबायची सवय तिथेच लागली. वर्षानुवर्षं कळ दाबली की गुदाशय भरल्याची जाणीवच बोथट होते. मग चूर्णाआधीच काहीतरी बिघडलं असेल.

सध्या दर तीन महिन्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहायचं ठरलं आहे. सलग तीन दिवस खूण नसेल, किंवा अचानक पातळ गळू लागलं, तर कुठलीही गोळी न देता आधी मला फोन करायचा, हे वहिनींनी कॅलेंडरच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे.