कॅलिपरची नोंदवही: १८.० वरून १७.१, पण खरंच उतरलं का?

१५ फेब्रुवारी

११ जानेवारीला पहिल्यांदा कॅलिपरने, म्हणजे कातडीच्या घडीची जाडी मोजणाऱ्या चिमट्याने, अंगातलं फॅट मोजलं होतं. छाती १२, पोट २७, मांडी १८, बेरीज ५७ मिमी. वय ३८. जॅक्सन-पोलॉकच्या तीन जागांच्या समीकरणात ही बेरीज S आणि वय टाकलं की शरीराची घनता D मिळते, आणि सिरीच्या सूत्रात ती घातली की फॅटचा टक्का.

```
D = 1.10938 - 0.0008267*S + 0.0000016*S*S - 0.0002574*age
fat% = 495/D - 450
```

उत्तर आलं १८.०. आज पाच आठवड्यांनी बेरीज ५४, म्हणजे १७.१. सकाळी सकाळी स्वारी खूश. दुपारी जेवताना मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला: ३ मिमी म्हणजे कॅलिपरच्या पट्टीवरच्या तीन रेघा, तेही तीन जागा मिळून. एवढं तर माझा अंगठा जरा जोरात दाबला गेला तरी होतं!

आधी एक गोंधळ मिटवून टाकतो, कारण मी स्वतः त्यात बरेच दिवस अडकलो होतो. या समीकरणाची चूक साधारण साडेतीन टक्के सांगतात. म्हणजे माझं उत्तर १८ आलं तरी खरं फॅट १४ असू शकतं किंवा २२ही. मग ०.९ च्या फरकाला काय किंमत, असं वाटतं. पण ही चूक माणसामाणसांतल्या फरकामुळे येते. समीकरण १९७८ साली अमेरिकी पुरुषांना पाण्याखाली तोलून बसवलेलं आहे. कुणाचं फॅट कातडीखाली जास्त, कुणाचं पोटाच्या आत. हाडांची घनताही प्रत्येकाची निराळी. सरासरी माणसापेक्षा मी जितका वेगळा जानेवारीत होतो, जवळजवळ तितकाच आजही आहे. वजाबाकी केली की ती चूक बरीचशी उडून जाते. वजनकाटा कायम दोन किलो जास्त दाखवत असला तरी किती उतरलं ते बरोबर कळतं, तसंच.

शिल्लक राहते ती माझ्या हाताची चूक. दोन्ही वेळच्या मोजणीत ती वेगवेगळी असते, म्हणून वजाबाकीत उडत तर नाहीच, उलट वाढते. आणि ती किती, हे कुठल्याच तक्त्यात सापडणार नाही. ती स्वतःलाच मोजावी लागते.

७ मार्च

वीस सकाळी मोजलं. दोन-दोन दिवसांच्या दहा जोड्या लावल्या: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार, असं. एका दिवसात खरं फॅट मिलिमीटरभर काही हलत नाही, त्यामुळे जोडीत जो फरक येईल तो मोजणीचा. एकाच बैठकीत दोनदा मोजून भागलं असतं, पण मग कालच्या मिठाचा, झोपेचा, पेनाची खूण पुन्हा शोधण्याचा घोळ त्यात येत नाही आणि चूक खोटी लहान दिसते.

आमची पद्धत अशी. उठल्यावर, आंघोळ आणि व्यायामाच्या आधी. सगळं उजव्या बाजूला. पोटाची घडी बेंबीच्या उजवीकडे २ सेंमीवर, उभी. छातीची तिरकी, काखेची पुढची कड आणि स्तनाग्र यांच्या मध्यावर. मांडीची समोरून, जांघ आणि गुडघा यांच्या बरोबर मध्ये, उभी. कॅलिपर बोटांपासून १ सेंमी लांब लावायचा, दोन सेकंदांनी वाचायचं. तिन्ही जागा एकेकदा, मग पुन्हा पहिल्यापासून, अशा तीन फेऱ्या, आणि मधला आकडा घ्यायचा. एकाच जागी लागोपाठ चिमटे घेतले तर घडी दबत जाते आणि फुकटचं फॅट उतरतं.

आकडे बायको लिहून घेते आणि कालचे मला दाखवत नाही. ही अट तिचीच. चौथ्या दिवशी म्हणाली, "अरे, कालचा आकडा आठवतोय ना तुला? तो येईपर्यंत दाबत बसतोयस." खरं होतं.

दहा जोड्यांच्या बेरजांतले फरक मिमीमध्ये: २, १, ३, ०, २, ४, १, २, १, ३. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज ४९. तिला जोड्यांच्या दुपटीने, म्हणजे २० ने भागलं आणि वर्गमूळ काढलं.

```
e = sqrt(49 / 20) = 1.57 mm
limit = 1.96 * sqrt(2) * e = 4.3 mm
```

एका मोजणीची माझी चूक १.५७ मिमी. दोन मोजण्यांची वजाबाकी करायची म्हणून २ चं वर्गमूळ, आणि वीसपैकी एकोणीस वेळा फसू नये म्हणून १.९६. माझा उंबरठा ४.३ मिमी निघाला. या बेरजेच्या आसपास १ मिमी म्हणजे ०.३ टक्क्याच्या जवळपास, म्हणजे सव्वा टक्क्याहून कमी फरक एकेका मोजणीवरून मला ओळखताच येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतला ३ मिमी त्याच्या आतच बसतो. उतरलं नाही असं नाही; उतरलं असं म्हणता येत नाही.

शिवाय जानेवारीची मोजणी मुळातच संशयास्पद. लग्नसराईचं जेवून आरशात पोट बघितलं, हादरलो, आणि त्याच दिवशी कॅलिपर काढला. नेमक्या वाईट दिवशी सुरुवात केली की पुढचा आकडा बहुतेक वेळा आपोआप बरा येतो.

(बोटभर जाडीचा तो स्मार्ट काटाही घरात आहे. एकाच दिवशी सकाळी २२.६, रात्री २०.९. अनवाणी पायांतून बारीक विजेचा प्रवाह सोडून तो अडथळा मोजतो आणि अंगातल्या पाण्यावरून फॅटचा अंदाज बांधतो. सकाळी अंग कोरडं, अडथळा जास्त, म्हणून फॅट जास्त. त्याच्यावर हाच जोड्यांचा प्रयोग करायचा असेल तर वेळ आणि पाणी दोन्ही बांधून घ्या.)

५ मे

उंबरठा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे सरासरी. तीन सकाळींची सरासरी घेतली की चूक ३ च्या वर्गमुळाने भागली जाते: ४.३ भागिले १.७३, म्हणजे २.५ मिमी.

८ ते १० मार्च: ५५, ५३, ५६. सरासरी ५४.७.
३ ते ५ मे: ५०, ५२, ५०. सरासरी ५०.७.

फरक ४.० मिमी. उंबरठ्याच्या बाहेर. टक्क्यांत १७.३ वरून १६.२. फेब्रुवारीच्या ०.९ पेक्षा फार मोठा नाही, पण या वेळी मी तो माझा म्हणू शकतो. कमरेचा घेरही ८८ वरून ८६.५ सेंमी झालाय. तो टेपने मोजलेला, कॅलिपरशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून त्याची साक्ष मी जास्त मानतो.

एक शंका उरते. माझी चूक मी लागोपाठच्या दिवसांवरून काढली. आठ आठवड्यांत चिमट्याची जागाच हळूहळू सरकली असेल तर ती त्यात पकडलीच जात नाही. मांडीवर एक तीळ आहे, तिथून टेपने अंतर लिहून ठेवलंय, तिथे निर्धास्त. पोटावर मात्र १ सेंमी खाली चिमटा घेतला तर मला ३ मिमी जास्त मिळतं, आणि या ४ मिमीतले जवळजवळ ३ पोटावरचेच आहेत. मार्चमध्ये पोटावरच्या खुणेचा फोटो काढायला हवा होता. आता काढलाय, पट्टी शेजारी ठेवून.

मधे दर रविवारी डोकावायचा मोह टाळलाय. वीसातली एक फसगत तर धरलेलीच आहे; दर आठवड्याला बघत बसलो तर वर्षात दोन-तीनदा उगाच पेढे वाटावे लागतील किंवा तोंड पाडून बसावं लागेल. पुढची मोजणी २८ ते ३० जून. तोवर कॅलिपर बायकोच्या कपाटात.