पट्टी गडद झाली, पोरगी मात्र सुधारत होती

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात मी सिस्टर आहे. परवाची केस डोक्यातून जाईना.

टाइप वन शुगरची सोळा-सतरा वर्षांची पोरगी, रात्रीपासून उलट्या. आई म्हणाली, "पोटात काईच नव्हतं ना सिस्टर, मनून इन्सुलिन दिलं नाई." हे आमच्याकडं नेहमीचंच, घरच्यांना कुणी सांगतच नाही की आजारात जास्त वेळ चालणारं इन्सुलिन बंद करायचं नसतं. शुगर साडेचारशेच्या वर. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि कीटोन नावाची आम्लं साठतात, ती बघायची लघवीची कीटोन पट्टी बुडवली, कडेला टेकवून जास्तीचं झटकलं आणि घड्याळ लावून बरोबर १५ सेकंदांनी तक्त्याशी लावली. फिकट गुलाबी, म्हणजे १५ चा चौकोन. पट्टी जास्त वेळ ठेवली की रंग आपोआप चढतो, म्हणून त्या १५ सेकंदांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. बाटलीचं झाकण उघडं राहिलं असेल तर पट्ट्या दमट होऊन रंग कमी दाखवतात, म्हणून नवी बाटली फोडून परत बघितलं, तरी तेच.

डॉक्टर म्हणाले, स्मॉल आहे, कीटोन थोडेच, वॉर्डात घ्या. पण पोरगी खोल खोल श्वास घ्यायली होती आणि तोंडाला तो पिकलेल्या फळासारखा वास. मी ड्रॉवरमधलं रक्ताचं कीटोन मीटर काढलं, त्याची पट्टी महाग म्हणून ते कुलपात असतं! बोटाच्या थेंबात ५.८. तीनच्या वर म्हणजे धोका. मग सलाइन, इन्सुलिनचं ड्रिप, पोटॅशियम, सगळं धावत सुरू झालं.

गंमत संध्याकाळी झाली. ड्यूटीवर नवे डॉक्टर आलेले, लघवीची पट्टी थेट जांभळट मरून आली, ते घाबरून म्हणाले कीटोन वाढलेत, ड्रिप वाढवा. मी मीटर लावलं तर २.४, श्वासही शांत. लघवीची पट्टी फक्त अॅसिटोअॅसिटेट ओळखते, आणि कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं तेव्हा, रक्तात जास्त असतं ते बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, ते तिला दिसतच नाही. इन्सुलिन लागू झालं की हेच दुसरं पहिल्यात बदलतं, म्हणून पेशंट सुधारतो आणि पट्टी मात्र गडद होते. वर लघवी तासन्‌तास मूत्राशयात साठलेली, म्हणजे पट्टी मागचीच गोष्ट सांगते. त्या रंगावर ड्रिप वाढवलं असतं तर शुगर आणि पोटॅशियम दोन्ही खाली गेले असते. डॉक्टरांनी ऐकलं, हे त्यांचं चांगलं, सगळे ऐकत नाहीत.

घरी पट्टी वापरायला हरकत नाही, उलट्या होत असताना गुलाबी दिसली तरी निघायचं कळतं. पण पट्टी कोरी निघाली आणि पोरगी धापा टाकायली, तर पट्टीच्या भरवशावर बसायचं नाही.

आमच्या केसपेपरवर 'युरिन कीटोन'चा रकाना आहे, रक्ताच्या कीटोनला नाही. ५.८ आणि २.४ मी समासात लाल पेनानं लिहिलेत, मालकांकडं नव्या छापाईचं बोललेय, बघू.