क्लासच्या कार्यक्रमाचं निमंत्रण: सहा चित्रं आणि एक चुकलेला क्रम

लेकीच्या भरतनाट्यम् क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. ताईंनी निमंत्रणाचं काम माझ्या गळ्यात घातलं. "तुम्ही ऑफिसात असलं काही करता ना, मग इन्स्टाग्रामवर एकापुढे एक सरकवायचं ते करून द्या." ऑफिसात मी एक्सेल करते. पण नाही म्हणवलं नाही.

पहिल्या प्रयत्नात मी ३८ मुलींची नावं एकाच चित्रात बसवली. लॅपटॉपवर छान दिसलं. मग फोनवर उघडून सासूबाईंच्या हातात दिलं, तर त्या म्हणाल्या, "ह्यात आपली कुठेय?" १०८० बाय १३५०चं उभं चित्र फोनवर जेमतेम साडेसहा सेंटीमीटर रुंद दिसतं, त्यामुळे ३५-४० पिक्सेलपेक्षा लहान अक्षर मोठ्या माणसांना वाचताच येत नाही. शेवटी लहान, मधला आणि मोठा अशा तीन गटांची तीन चित्रं केली. नावं अकारविल्हे लावली, नाहीतर 'आमची शेवटी का' हा प्रश्न येतोच. क्लासचं खातं सगळ्यांना दिसतं, म्हणून आडनाव आणि वय गाळलं आणि फोटो टाकण्याआधी पालकांना विचारून घेतलं. दोन आर्या होत्या, त्यांच्यापुढे आडनावाचं पहिलं अक्षर दिलं.

आणखी एक गंमत. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून मी अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली. 'पुष्पांजली'चे तुकडे झाले. इंग्रजीत चालणारी ही युक्ती देवनागरीत चालत नाही. अंतर शून्यावर आणून अक्षरच मोठं केलं.

खरा घोळ झाला तो पाचव्या चित्रात, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमात. ताईंनी दिलेला क्रम असा होता: पुष्पांजली, छोट्यांचं अलारिपू, जतिस्वरम्, शब्दम्, एका अभंगावरचं नृत्य, वर्णम्, पदम्, तिल्लाना, मंगलम्. नाच साधारण ७६ मिनिटांचा, त्यात वर्णम् एकटंच २५ मिनिटांचं. प्रत्येक दोन नाचांमध्ये दोन मिनिटं निवेदन, शिवाय दीपप्रज्वलन आणि सत्कार मिळून २० मिनिटं. साडेपाचला सुरू झालं की साडेसातच्या आत संपणार. साडेआठला हॉल रिकामा करून द्यायचा होता, तेव्हा सगळं बसत होतं. मी खुशाल टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी वेशभूषा सांभाळणाऱ्या काकूंचा फोन. "अगं, जतिस्वरम्मधल्या तीन मुली अभंगातही आहेत ना? नऊवारी कधी नेसवायची?" मधे फक्त सात मिनिटांचं शब्दम् आणि दोन निवेदनं, म्हणजे अकरा मिनिटं. चाळ सोडा, शिवलेला पोशाख उतरवा, नऊवारी नेसा, पुन्हा चाळ बांधा, याला पंधरा मिनिटं तरी हवीतच. बेरीज करताना मी एकूण वेळ पाहिली होती. कोणती मुलगी कोणकोणत्या नाचात आहे, हे पाहिलंच नव्हतं. ताईंनी सत्कार सुरुवातीतून काढून शब्दम्नंतर घेतला. मुलींना आणखी बारा मिनिटं मिळाली.

पण इन्स्टाग्रामवर टाकलेलं चित्र बदलता येत नाही. ती पोस्ट काढून पुन्हा टाकावी लागली. तोवर जुनी चित्रं व्हॉट्सॲपवर मामा-मावश्यांकडे पोचली होती. मग नव्या प्रत्येक चित्राच्या वरच्या कोपऱ्यात 'सुधारित' आणि १/६, २/६ असे आकडे घातले. पुढे पाठवताना कुणी एखादं चित्र गाळलं तरी कळावं म्हणून.

सहावं चित्र मी आधी केलंच नव्हतं. मुखपृष्ठावर 'सायं. ५.३०' असं ठळक होतं आणि 'मुलींनी लवकर यावे' हे खाली बारीक. तीन आयांनी विचारलं, पाचला आणलं तर चालेल का? मेकअप, आळता, केस, गजरा हे सगळं ३८ जणींचं करायचं होतं! म्हणून तीन ओळी वेगळ्या काढल्या: मोठ्या मुली २ वाजता, छोट्या ३.३०ला (त्यांना आधी बोलावलं की घामाने काजळ ओघळतं), पाहुण्यांसाठी दार ५.१०ला. खाली 'घरून जेवून, पुढून बटणं असलेला शर्ट घालून पाठवा', म्हणजे मेकअपनंतर कपडे डोक्यावरून काढावे लागत नाहीत. प्रत्येकीची नाचाची नेमकी वेळ मात्र मुद्दाम दिली नाही. दिली की लोक तेवढ्यापुरते येतात आणि वर्णम् रिकाम्या खुर्च्यांपुढे होतं.

हॉलच्या नकाशाचा दुवा इन्स्टाग्रामच्या मजकुरात दाबून उघडत नाही. तो आणि सगळा मजकूर साध्या अक्षरात व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला.

कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता दारात एक आजोबा फोन पुढे करून उभे होते. पडद्यावर जुनं चित्र. "सत्कार आधी आहे ना? मग आम्ही जरा चहा पिऊन येतो." त्यांची नात अलारिपूत होती. मी त्यांना हाताला धरून आत नेऊन बसवलं.