पाणी ‘तो’ की ‘ती’?

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एका सकाळी कागद चिकटवलेला दिसला. मंगळवारी नऊ ते एक पाणी बंद राहील, आणि नंतर थोडा वेळ नळाला गढूळ पाणी येईल, असा त्याचा मतलब. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात येऊन मला तेव्हा सात महिने झाले होते, त्यामुळे एवढं स्पॅनिश वाचता येत होतं. पण पाय अडखळला तो शेवटच्या शब्दावर. पाण्याला लिहिलं होतं ‘एल आग्वा’. नामापुढे ‘एल’ म्हणजे पुल्लिंगी, ‘ला’ म्हणजे स्त्रीलिंगी, हे तर पहिल्याच धड्यात शिकलेलं. मग गढूळ म्हणजे ‘तुर्बियो’ हवं. कागदावर मात्र ‘तुर्बिया’ होतं, स्त्रीलिंगी.

मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. शेजारच्या आजीबाई लिफ्टमध्ये होत्या, त्यांना मोठ्या आत्मविश्वासाने ती दाखवलीही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आग्वा बाईच आहे, पोरी. फक्त कोट नवऱ्याचा घातलाय.”

म्हणजे गेले सात महिने मी जिथे तिथे ‘आग्वा फ्रीओ’ मागत होते, आणि हॉटेलवाले मुकाट्याने ‘आग्वा फ्रीआ’ आणून देत होते. चूक कळायला एवढा वेळ लागला, कारण घरात मला लागतं ते बहुतेक गरम पाणी, आणि गरमला स्पॅनिशमध्ये ‘कालियेंते’ म्हणतात. ‘ए’ने संपणारी विशेषणं सहसा लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपलं ‘गरम’ कुठे बदलतं? गरम चहा, गरम भाकरी, गरम पाणी. तसंच ते. (जाता जाता: इथल्या नळांवर सी म्हणजे कालियेंते, गरम, आणि एफ म्हणजे फ्रीआ, गार. इंग्रजीच्या सवयीने सीखाली हात धरला की हात मागे येतो.)

मराठी माणसाला लिंगाची भीती वाटायचं खरं तर कारण नाही. दगड तो, भिंत ती, घर ते, हे आपण बिनदिक्कत बोलतो. इथे तर दोनच लिंगं, एक खातं कमीच. तरीही माझ्या चुका वर्गातल्या जर्मन मुलीपेक्षा वेगळ्या पडायच्या, आणि त्याचं कारण मला उशिरा सापडलं. आपल्या कानाला ‘आ’ हा पुरुषाचा आवाज आहे. घोडा, आंबा, मोठा, काळा. बाई आली की ‘ई’: घोडी, मोठी, काळी. स्पॅनिशमध्ये ‘आ’ बहुतेक वेळा बाईचा आणि ‘ओ’ पुरुषाचा. ‘ब्लांका’ ऐकलं की माझ्या डोक्यात ‘काळा’च्या रांगेतला कोणी पुरुष उभा राहतो, आणि निघते ती पांढरी बाई. कासा, घर. मेसा, टेबल. पाताता, म्हणजे आपला बटाटा. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. त्यांच्याकडेही तो स्त्रीलिंगी. पण मराठीत शिरला, शेवटचा ‘आ’ बघून आपण त्याला आंब्याशेजारी बसवलं, आणि तो ‘तो बटाटा’ झाला. मंडईत पाताताला मी पुरुष करत होते, त्यात माझा दोष थोडा आणि मराठीचा जास्त.

यावर तोडगा आईने फोनवर दिला. ती मराठीची शिक्षिका होती. म्हणाली, “अगं, मग घोड्याकडे बघूच नकोस. शाळेकडे बघ. शाळा, भाषा, विद्या, पूजा. या ‘आ’वाल्या बायकाच आहेत की.” आणि ही नुसती लक्षात ठेवायची युक्ती नाही. संस्कृतमधला ‘भाषा’, ‘शाला’चा स्त्रीलिंगी ‘आ’ आणि लॅटिनमधला ‘आक्वा’चा ‘आ’ एकाच मुळातून आलेले आहेत. आपल्या ‘घोडा’चा ‘आ’ मात्र वेगळा: मूळ ‘घोटक’, त्यातला ‘क’ झिजला आणि मागे ‘आ’ उरला. म्हणजे स्पॅनिश कासा ही आपल्या शाळेची चुलत बहीण आहे, घोड्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तेव्हापासून नवा ‘आ’कारान्त शब्द आला की मी मनात ‘माझी शाळा’ म्हणते आणि मग बोलते. फसवणारे शब्द आहेतच. प्रोब्लेमा, मापा आणि दिया (दिवस) हे ‘आ’ने संपूनही पुरुष, आणि मानो म्हणजे हात ‘ओ’ने संपूनही बाई. पण ‘ओ’ने संपणारी ‘बायको’ ज्या भाषेत आहे, तिच्या माणसाने मानोला नावं ठेवू नयेत.

तर आग्वा. ती शाळेच्याच रांगेतली साधी बाई. मग तिच्यापुढे ‘ला’ न येता ‘एल’ का येतो?

‘ला आग्वा’ मोठ्याने म्हणून बघा. दोन ‘आ’ एकमेकांवर आदळतात. आपल्याला हे नवं नाही, देव अधिक आलय देवालय हे सातवीत घोकलेलं असतं. बोलताना स्पॅनिश लोकही ‘ला आमीगा’चं ‘लामीगा’ करून टाकतात, कोणाला खटकत नाही. पण आग्वामध्ये दुसऱ्या ‘आ’वरच शब्दाचा सगळा जोर आहे. तो गिळता येत नाही.

तिथे इतिहास मदतीला आला. लॅटिनमध्ये ‘ती’ला ‘इल्ला’ म्हणत. त्याचं जुन्या स्पॅनिशमध्ये ‘एला’ झालं आणि मग ते दोन बाजूंनी झिजलं. पुढे व्यंजन असेल तिथे डोकं गेलं आणि शेपूट उरलं: ला कासा. पुढे स्वर असेल तिथे शेपूट त्या स्वरात विरघळलं आणि डोकं उरलं: एल आग्वा. म्हणजे हा ‘एल’ मुळात पुल्लिंगी नाहीच, तो ‘एला’चा तुकडा आहे. पुल्लिंगी ‘एल’ दुसऱ्या घरातला, ‘इल्ले’तून आलेला. दिसायला दोघे हुबेहूब, एवढीच अडचण. जुन्या काळी हा स्त्रीलिंगी ‘एल’ इतर स्वरांपुढेही यायचा, हळूहळू तो जोर असलेल्या ‘आ’पुरता उरला. आजीबाईंची कोटाची उपमा मला अजून आवडते, पण खरं सांगायचं तर कोट नवऱ्याचा नाही, तिच्या स्वतःच्याच आजीचा आहे.

व्हॅलेन्सियात हे डोळ्यांनीही दिसतं, कारण इथे रस्त्यावर दोन भाषा आहेत. व्हॅलेन्सियन भाषेत पाणी म्हणजे ‘लाइग्वा’. तिथेही ‘ला’ स्वरात विरघळला, पण त्यांनी लिहिताना फक्त ‘ल’ ठेवून वर स्वल्पविरामासारखी खूण केली, त्यामुळे कोणाची फसगत होत नाही. पोर्तुगीजांनी तर दोन ‘आ’ तसेच शेजारी ठेवले: ‘आ आग्वा’. अडचण काय ती स्पॅनिशमध्येच.

जोर ‘आ’वर आहे की नाही, एवढंच पाहायचं असतं. एच लिहिला तरी उच्चारत नाहीत, तो मोजायचा नाही. त्यामुळे एल आगिला (गरुड), एल आउला (वर्ग), एल आचा (कुऱ्हाड), एल आम्ब्रे (भूक). पण ला आमीगा आणि ला आरीना (पीठ), कारण यांत जोर पुढे सरकलेला. एकाच शब्दात हे बघायचं तर पंख घ्या. पंख म्हणजे एल आला. छोटा पंख म्हणजे ला आलीता. जोर ‘ली’वर गेला, आणि ‘ला’ लगेच जागेवर परत.

हा ‘एल’ फक्त अगदी चिकटून बसला तरच टिकतो. मध्ये कोणी आलं की गेला: तेच पाणी म्हणजे ‘ला मिस्मा आग्वा’. अनेकवचनातही नाही, कारण ‘लास’च्या शेवटी ‘स’ आहे, तिथे दोन ‘आ’ भेटतच नाहीत. इथल्या कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शेतीच्या पाण्याचं पंचायत-न्यायालय बसतं. काळे सदरे घातलेले शेतकरी पंच, सगळं तोंडी, आणि पाटाच्या पाण्याचे तंटे तिथल्या तिथे मिटवायचे. युनेस्कोने 2009 साली त्याची नोंद घेतली. त्याचं नाव ‘त्रिबुनाल दे लास आग्वास’. मी तिथे पर्यटकांच्या गर्दीत टाचा उंचावून उभी होते, कोणाचा तंटा निघालाच नाही आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं. पण ‘लास’ ऐकून घरी आले. शंका आली की अनेकवचन करून बघायचं, खरं लिंग तिथे लपत नाही.

‘एक’साठीही ‘उन आग्वा’ चालतं. बाकी सगळं स्त्रीलिंगी: हे पाणी ‘एस्ता आग्वा’, खूप पाणी ‘मुचा आग्वा’, आणि सगळं पाणी ‘तोदा एल आग्वा’, ज्यात आधीचा शब्द बाईचा, मधला तो कोटवाला, आणि पुढे विशेषण आलं तर पुन्हा बाईचं. आता हॉटेलात मी ‘उन आग्वा फ्रीआ’ मागते. वेटर कधी विचारतो, “फ्रीआ की देल तिएंपो?” देल तिएंपो म्हणजे शब्दशः ‘हवामानाचं’, आपलं साधं, माठातलंही नाही असं पाणी. ते मागितलं तर विशेषणाचा प्रश्नच मिटतो.

खुद्द स्पॅनिश लोकही इथे घसरतात. ‘एल’ऐकून ऐकून त्यांच्याही तोंडी ‘एस्ते आग्वा’ येतं, बातम्यांतही ऐकलंय. आमच्या आजीबाई परवा जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, “तेंगो मुचो आम्ब्रे,” खूप भूक लागलीय. मुचा हवं होतं. मी काही बोलले नाही. त्यांनी केलेला भात खायचा होता.

खाली गाड्या लावतात तिथल्या नळावर गेल्या आठवड्यात कोणीतरी हाताने पाटी लिहून टांगली: ‘एस्ते आग्वा नो एस पोताब्ले’, हे पाणी पिण्याचं नाही. पोताब्ले ‘ए’ने संपतो, तो बदलत नाही, त्यामुळे पाण्याचं लिंग कळायला त्या पाटीवर एकच अक्षर होतं, आणि तेच चुकलेलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ‘एस्ते’च्या शेवटच्या अक्षरावर पेन्सिलने ‘आ’ गिरवलेला. आजीबाईंनी लिफ्टमध्ये माझ्याकडे पाहिलं. मी नळाकडे गेलेच नव्हते म्हणून सांगितलं.